पाहुणा झोपलाय

त्या पत्राला एकोणीस दिवस झाले होते आणि काकांनी त्याचं उत्तर दिलं नव्हतं.

पत्र साधंच होतं. वहीतून फाडलेल्या पानावर निळ्या बॉलपेनने लिहिलेलं, मायना नाही, खाली सही नाही. सहीची गरजच नव्हती. ते तिरकं, घाईचं अक्षर काकांनी सहा वर्षं रोज वाचलं होतं.

‘काका, सहा वजनकाटे पाठवले तेव्हाचा माझा कच्चा कागद तुमच्याकडे असणार. तुम्ही काही फेकत नाही हे सगळ्या ऑफिसला माहीत आहे. ती ओळ मी लिहिली होती की नाही, एवढंच सांगा. लिहिली असेल तर कागद पाठवा. पुढच्या महिन्याच्या सोळा तारखेला दुसऱ्या कारखान्यात मुलाखत आहे. आधीच्या ठिकाणाहून का काढलं हे ते विचारणार, आणि नुसत्या माझ्या सांगण्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. फोन करू नका. तुमचा आवाज ऐकायची इच्छा नाही.’

काकांनी ते पत्र जाड शब्दकोशात ठेवलं होतं. त्याच पानात तो कच्चा कागदही होता. दोन्ही कागद एकमेकांना चिकटून होते आणि शब्दकोश उघडायची काकांना भीती वाटत होती. सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर पुस्तकांत नाक खुपसून बसलेल्या माणसाला शब्दकोशाची भीती वाटावी, याच्यासारखी नामुष्की नाही.

“आज बारा तारीख,” सकाळी चहाचा कप आदळत ताई म्हणाल्या. ताई म्हणजे काकांच्या थोरल्या बहीण. यजमान गेल्यापासून त्या इथेच राहत, आणि पंच्याहत्तरीतही भावाला छोट्याच म्हणत. “सोळाला किती दिवस राहिले, मोजता येतात ना?”

“लिहितोय मी, ताई.”

“लिहितोयस कसला! टोपलीत बघ. चार कागद आहेत. एकात ‘अत्यंत खेदपूर्वक’, दुसऱ्यात ‘मनःपूर्वक दिलगिरी’. माफीला इस्त्री करत बसलायस, छोट्या. तो माणूस तिकडे घरी बसलाय.”

‘इस्त्री’ हा शब्द ताईंनी मुद्दाम वापरला होता. ऑफिसात काकांना सगळे इस्त्रीवाले काकाच म्हणत.

काका तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते. इंग्रजी, मराठी, जे समोर येईल ते. छापखाना बंद पडल्यावर या कारखान्याने त्यांना बोलावलं. कारखाना प्रयोगशाळांसाठी अचूक वजनकाटे बनवायचा. मोहरीच्या दाण्याच्या हजाराव्या भागाचंही वजन दाखवतील असे. काटे परदेशी जायचे आणि त्यांच्याबरोबर ईमेल जायच्या. ईमेल लिहिणारी माणसं हुशार होती, पण विचार मराठीत करायची आणि शब्द इंग्रजी बसवायची. ‘माझ्याकडे एक डाउट आहे’ असं ती लिहायची. त्यांना साधा प्रश्न विचारायचा असायचा आणि तिकडच्या माणसाला वाटायचं, आपल्यावर संशय घेतलाय. ‘काइंडली डू द नीडफुल’ लिहायची, आणि समोरचा कोड्यात पडायचा, की मी नेमकं करू तरी काय?

काका ते सगळं सरळ करायचे. त्यांची पद्धत ठरलेली होती. कागद आधी हळू आवाजात मोठ्याने वाचायचा. जीभ जिथे अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण. मग स्वतःला विचारायचं, या माणसाला समोरच्याकडून हवंय तरी काय? ते शोधून पहिल्या दोन ओळींत आणायचं, कारण आपल्याकडे मूळ मुद्दा शेवटी, निघता निघता, दारात उभं राहून सांगायची सवय आणि तिकडे शेवटपर्यंत वाचायला कुणाला वेळ नाही. ‘रिस्पेक्टेड सर’ जायचं, तिथे नाव यायचं. दोनदा सांगितलेलं एकदा व्हायचं. ‘नीडफुल’च्या जागी काय करायचं आणि कधीपर्यंत, ते यायचं. फुलं, तोरणं, स्नेहसंबंध, सगळं खाली उतरायचं. वाक्य असं व्हायचं, की ते मराठीतून आलंय हे वाचणाऱ्याच्या ध्यानीमनीही येऊ नये.

काम चोख होतं. पण पद्धतीत एक खोट होती आणि ती काकांच्या स्वभावातून आली होती. एखादं वाक्य कळलं नाही, तर काका विचारायला जायचे नाहीत. लाजायचे. खाली कारखान्यात जायचं, मशीनच्या आवाजात ओरडायचं, चारचौघांत ‘हे काय लिहिलंय तुम्ही’ म्हणायचं, हे त्यांना सात जन्मांत जमलं नसतं. ते अंदाज बांधायचे. अंदाज सहसा बरोबर यायचा. छापखान्यातही लेखक कधी समोर नसायचाच.

आणि ज्याला सगळ्यात जास्त विचारायला हवं होतं, त्याचाच काकांना सगळ्यात जास्त धाक होता. तो म्हणजे इंजिनिअर. काट्यांची दुरुस्ती, जोडणी, गिऱ्हाइकाला सूचना देणं, हे सगळं त्याच्याकडे. चाळिशीचा, आडदांड, तोंडाने फटकळ. संगणकावर टंकायचा त्याला कंटाळा. चाचणीच्या छापील तक्त्यांच्या पाठीमागे इंग्रजीत भराभरा लिहायचा, तेलाचे ठसे उमटलेला कागद काकांच्या टेबलावर टाकायचा आणि म्हणायचा, “घ्या, मारा इस्त्री. चुरगळलेलं आहे, पण कापड चांगलं आहे. जाळू नका.”

काका टंकून झाल्यावर म्हणायचे, “एकदा नजर टाकता का?”

“मी कशाला? तुमचं इंग्रजी माझ्या डोक्यावरून जातं. पाठवा माझ्या नावाने.”

असं सहा वर्षं चाललं. मग ते सहा काटे गेले.

नवीन जातीचे काटे होते. त्यांचं माहितीपुस्तक अजून छापून व्हायचं होतं, म्हणून ते येईपर्यंत इंजिनिअरची ईमेल हीच सूचना धरायची, असं ठरलं. इंजिनिअरने एक अख्खा कागद भरून लिहिलं. त्या दिवशी त्याला चांगलाच सूर लागला होता. सुरुवातीला चार ओळी दोन देशांच्या मैत्रीवर. मध्ये काटा सपाट कसा ठेवायचा, वाऱ्याच्या झोतापासून दूर कसा ठेवायचा, ते नीट क्रमाने. आणि अगदी शेवटी, आभार मानून झाल्यावर, इंग्रजी शब्दांत पण अगदी मराठी बोलीत एक परिच्छेद: पाहुणा लांबून, थंडीवाऱ्यातून आलेला आहे. आल्या आल्या त्याला कामाला जुंपू नका. एक दिवस, एक रात्र खोलीत तसाच बसू द्या. त्याची शाल काढू नका. दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन तुमची सेवा करेल.

काकांना हसू आलं होतं. मैत्रीचं तोरण वरून काढलं तसं हे खालून काढलं. एक लांब, सरळ पेन्सिलीची रेघ. संध्याकाळी घरी ताईंना त्यांनी ते वाचूनही दाखवलं होतं. “बघ, वजनकाट्याला पाहुणा म्हणतो. शाल म्हणे!” दोघं भावंडं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती.

तिकडे हिवाळा होता. पेट्या गारठलेल्या ट्रकमधून उबदार प्रयोगशाळेत आल्या. तिथल्या माणसांनी दहा मिनिटांत त्या उघडल्या आणि वीज जोडली. सहापैकी चार काटे जागच्या जागी जळाले.

तिकडून विचारणा आली, आम्हाला कुणी थांबायला का सांगितलं नाही? मालकीणबाईंनी इंजिनिअरला वर बोलावलं. काचेची खोली होती, दार उघडंच होतं. इंजिनिअर म्हणाला, मी लिहिलं होतं. मालकीणबाईंनी पाठवलेली ईमेल त्याच्यासमोर धरली. नव्हतं. इंजिनिअर बाहेर आला, थेट काकांच्या टेबलाशी.

“काका, मी लिहिलं होतं ना? शेवटी. पेटी उघडू नका म्हणून.”

पेटी? पेटीबद्दल एक अक्षर नव्हतं. तिथे पाहुणा होता, शाल होती. आणि मग, इंजिनिअर समोर उभा असताना, सगळं ऑफिस मान वळवून बघत असताना, त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की शाल कोणती आणि पाहुण्याला एक रात्र बसू द्यायचं म्हणजे काय.

“मला… आठवत नाही,” काका म्हणाले.

“कागद?”

“टाकून दिला असेल.”

इंजिनिअर त्यांच्याकडे बघत राहिला. “तुम्ही? कागद टाकून दिला?” तो एवढंच म्हणाला. त्याच आठवड्यात त्याला काढलं. जाताना सगळ्यांचा निरोप घेतला. काकांच्या टेबलाला वळसा घालून गेला.

आज बारा तारखेला काका ऑफिसला निघाले, तेव्हा शब्दकोशातले दोन्ही कागद त्यांनी पिशवीत घातले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ताईंच्या नजरेसमोर ते घरी ठेवणं जमेना, एवढं खरं.

टेबलावर बसतात न बसतात तोच मालकीणबाई आल्या. उंच, नेहमी घाईत. वडिलांच्या माघारी कारखाना त्यांनी एकटीने उभा ठेवला होता आणि त्यामुळे एकही चूक त्यांना स्वतःवर ओढवून घेणं परवडत नसे.

“काका, ही मेल मी स्वतः लिहिली आहे. तिकडच्या प्रयोगशाळेला. ते वीस काटे घ्यायला तयार आहेत, पण आधी दोन प्रश्नांची उत्तरं द्या म्हणतायत. दुपारी बाराच्या आत नीट करून द्या. आणि फार पोकळ करू नका, वजन राहू द्या.”

काकांनी छापील कागद हातात घेतला आणि पद्धतीप्रमाणे आधी समोरच्याची मेल वाचली. उत्तराला रंगरूप देण्याआधी प्रश्न काय आहे ते बघायचं, हा त्यांचा नियम. तिकडच्यांचे प्रश्न सरळ होते. नेमकं काय चुकलं? पुढच्या वेळी तुम्ही काय वेगळं करणार?

मग मालकीणबाईंचा कागद. नेहमीसारखाच होता. ‘आपल्या पत्राच्या संदर्भात आपणांस कळविण्यात येते की’ याचं शब्दाला शब्द इंग्रजी. ‘आमची मान खाली गेली’ याचं इंग्रजी. ते वाचून तिकडच्यांना वाटलं असतं की कुणाच्या मानेला दुखापत झालीय. ‘त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं’ याचंही. काकांची पेन्सिल सवयीने चालत होती. इथे खूण, तिथे रेघ. चौथ्या परिच्छेदात ती थांबली.

‘आमचा इंजिनिअर ही सूचना द्यायला विसरला. आम्ही त्याला कामावरून काढलं आहे.’

काकांनी ते वाक्य हळू आवाजात वाचलं. पुन्हा वाचलं. जीभ कुठेच अडखळली नाही. त्या अख्ख्या कागदावर तेवढीच दोन वाक्यं निर्दोष इंग्रजीत होती. त्यांना हात लावायची काही गरज नव्हती. कुणीही वाचलं असतं आणि विश्वास ठेवला असता.

काकांनी चष्मा काढून पुसला. मग पुन्हा घातला. मग जे त्यांनी सहा वर्षांत केलं नव्हतं ते केलं. उठले आणि जिना उतरून खाली गेले.

चाचणीची खोली तळमजल्यावर कोपऱ्यात होती. आत काटे थंडीत तपासायचं, जाड काचेच्या दाराचं शीतकपाट, शेजारी लांब दगडी ओटा, त्यावर ओळीने काटे. आत काम करणाऱ्या बाईंनी वर पाहिलं. हातात चिमटा, चिमट्यात इवलंसं चकचकीत वजन.

“इस्त्रीवाले काका! रस्ता चुकलात का?”

“नाही. एक विचारायचं होतं.”

“विचारायचं?” बाई हसल्या, पण ते हसू चांगलं नव्हतं. “तुम्ही विचारता? मला तर वाटलं, तुम्हाला सगळं आपोआप समजतं. दार लावा. वारा आला की आकडा हलतो.”

काकांनी दार लावलं. “पेटी किती वेळ बंद ठेवायची असते? थंडीतून आलेली.”

चिमटा ओट्यावर ठेवला गेला. “आता विचारताय होय? चार काटे गेल्यावर, आमचा माणूस गेल्यावर?”

काकांनी लिहून घ्यायला खिशातून पेन्सिल काढली.

“चोवीस तास,” बाई तुटकपणे म्हणाल्या. “पेटी बंद, आतलं प्लॅस्टिकचं आवरण तसंच. आतला धातू खोलीइतका उबदार व्हायला हवा. आधी उघडली तर गार धातूवर दव धरतं, आतल्या बोर्डवरही धरतं. वर वीज दिलीत की संपलं. पहिल्या दिवशी शिकवतात हे आम्हाला. ते बघा.”

त्यांनी बोट दाखवलं. ओट्याच्या टोकाला शीतकपाटातून काढलेली एक पेटी होती. तिच्यावर पुठ्ठ्याची पाटी टेकवून ठेवली होती, जुनी, कडा झिजलेली. वर ते तिरकं, घाईचं अक्षर.

‘पाहुणा झोपलाय. उठवू नये.’

“ही… कधीपासून आहे?”

“मी लागले त्याच्या आधीपासून. इथे सगळे असंच म्हणतात. पाहुणा आला, पाहुणा झोपला, शाल काढली का. शाल म्हणजे आतलं ते प्लॅस्टिक. तुम्ही सहा वर्षं या पाटीच्या बरोबर डोक्यावर बसलात हो, काका. एक मजला वर.” त्यांनी चिमटा पुन्हा उचलला. “अजून काही? नाही ना? मग दार हळू ओढा.”

जिना चढताना काकांना धाप लागली. मालकीणबाई काचेच्या खोलीत फोनवर होत्या. काका दारात उभे राहिले. फोन झाल्यावर मालकीणबाईंनी हात पुढे केला. “झालं?”

“नाही. चौथा परिच्छेद खरा नाही.”

“म्हणजे?”

काकांनी पिशवीतून तेलाचे ठसे असलेला कागद काढला. तो टेबलावर पसरून ठेवला आणि पेन्सिलीच्या रेघेखालच्या ओळींवर बोट ठेवलं. “त्यांनी लिहिलं होतं. मी काढलं. मला ती नुसती सजावट वाटली. विचारलं नाही.”

मालकीणबाईंनी वाचलं. त्या कारखान्यातच वाढल्या होत्या. त्यांना पाहुणा कोण हे सांगावं लागलं नाही. त्यांचा चेहरा हळूहळू तांबडा होत गेला.

“आणि त्या दिवशी? त्या दिवशी तोंडात मिठाची गुळणी धरली होती का? तो तुमच्या समोर उभा राहून विचारत होता! मी इथे, या खुर्चीत बसून ऐकत होते. ‘आठवत नाही.’ ‘टाकून दिला असेल.’ आणि तुमच्या वयाकडे बघून मी विश्वास ठेवला.”

“घाबरलो.”

“कुणाला? त्याला की मला?”

“दोघांना. सगळ्यांनाच.”

“वा! भित्र्या माणसाच्या हातात मी सगळ्या कारखान्याचं तोंड दिलं होतं.” त्यांनी खुर्ची मागे ढकलली, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. राग तसाच होता, पण आता डोकं चालायला लागलं होतं. “हे बघा. काढला तो काढला. तो परत येणार नाही, आणि आता मी त्याला बोलावलं तर माझी चूक मी चारचौघांत कबूल केली असं होईल. तो कागद इथे ठेवा आणि जागेवर जा. मेल जशी आहे तशी नीट करा.”

त्यांनी कागदाकडे हात नेला. काकांनी कागद उचलला. इतक्या चपळाईने त्यांनी आयुष्यात काही केलं नसेल. घडी घालून पिशवीत टाकला आणि पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

“काका. तो कारखान्याचा कागद आहे.”

“त्यांच्या हाताने लिहिलेला आहे. त्यांनी मागितलाय.”

“मागितलाय? कधी?”

“एकोणीस दिवस झाले.”

मालकीणबाई हसल्या. खाली चाचणीच्या खोलीतल्या बाई हसल्या होत्या तसंच. “एकोणीस दिवस दाबून ठेवलात, आणि आता माझ्यासमोर हरिश्चंद्र होताय?”

ते खरं होतं. काकांना ते इतकं खरं वाटलं, की क्षणभर पिशवी ठेवून द्यावी असं मनात आलं. आपल्यासारख्याने कुणासमोर ताठ उभं राहावं, ही आपली योग्यता नाही. पण हात सुटले नाहीत.

“उद्यापासून येऊ नका,” मालकीणबाई म्हणाल्या. “पण आज ही मेल करूनच जा. तुम्ही घातलेला घोळ आहे, तुम्हीच निस्तरा. तुम्हाला वाटतं तशी लिहा. पाठवायची की नाही ते मी ठरवीन.”

काका टेबलाशी बसले. अंदाज बांधायला आज काही उरलंच नव्हतं, त्यामुळे मेल लवकर झाली. पहिल्या परिच्छेदात पहिल्या प्रश्नाचं उत्तर: गार काटा उबदार खोलीत उघडला, दव धरलं, त्यावर वीज जोडली गेली. आमच्या इंजिनिअरने ही सूचना लिहिली होती. मेलची भाषा नीट करताना ती गाळली गेली, आणि गाळणारा मी. दुसऱ्या परिच्छेदात दुसऱ्या प्रश्नाचं: यापुढे ही सूचना प्रत्येक पेटीच्या बाहेर मोठ्या अक्षरांत छापलेली असेल, आणि इथून जाणारी प्रत्येक मेल ज्याने लिहिली त्याने शेवटचं रूप वाचल्याशिवाय जाणार नाही. तिसऱ्यात: नवे काटे आल्यावर पेटी चोवीस तास उघडू नका. एवढं झाल्यावर काका थांबले, आणि तिसरा परिच्छेद उचलून त्यांनी सगळ्यात वर ठेवला.

मालकीणबाईंनी उभ्या उभ्या वाचलं. पेन घेतलं आणि ‘गाळणारा मी’ यावर एक सरळ रेघ ओढली. “याची गरज नाही. कोण मी? तिकडे कोण ओळखतं तुम्हाला?”

“ते वाक्य मी मुद्दाम…”

“कळलं. पण मेल माझ्या कारखान्याची आहे.”

काका त्या रेघेकडे बघत राहिले. चांगली रेघ होती. स्थिर हाताची. आपल्या मुद्दाम लिहिलेल्या शब्दांवरून अशी रेघ जाताना काय वाटतं, हे त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

“इंजिनिअरने लिहिली होती, हे तरी राहू द्या,” ते म्हणाले.

मालकीणबाईंचं पेन त्या शब्दांवर टेकलं. बराच वेळ टेकून राहिलं. मग उचललं गेलं. “राहू दे. निघा आता तुम्ही.”

काका भरदुपारी घरी आले तेव्हा ताई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग भावाकडे.

“हाकललं?”

“हो.”

“बरं झालं. लिहायला वेळ मिळेल.” त्यांनी खडा उचलून बाजूला टाकला. “आणि ऐक. त्या दिवशी तू वाचून दाखवलंस, तेव्हा मीही हसले होते. तेही लिही हवं तर.”

काकांनी कोरा कागद घेतला. सवयीने पहिली ओळ मनात तयार झाली: ‘आपले पत्र मिळून बरेच दिवस झाले, त्याबद्दल…’ त्यांनी ती मनातच खोडली. या माणसाला काय हवंय? त्याला आपली लाज नकोय, आपला खेद नकोय, आपला आवाजही नकोय. त्याला हवं ते पहिल्या ओळीत.

‘ती ओळ तुम्ही लिहिली होती. मी काढली. मूळ कागद सोबत आहे, त्यावरची पेन्सिलीची रेघ माझी आहे. मुलाखतीत कुणी विचारलं तर माझा पत्ता द्या. मी तिथे येऊन त्यांच्यासमोर हेच सांगेन.’

खाली आणखी लिहावंसं वाटलं. पाटी पाहिल्याचं, जिन्याचं, ताईंच्या हसण्याचं. पेन टेकवलं. उचललं. नाव लिहिलं, पूर्ण नाव. इस्त्रीवाले काका नाही.

“वाचू का?” ताईंनी विचारलं.

“नको. तू सुधारशील.”

टपाल कार्यालयाच्या खिडकीवर रांग होती. समोरच्या कारकुनाचं डोकं आधीच तापलेलं. काकांची पाळी आली तेव्हा त्याने पाकीट उलटंपालटं केलं.

“रजिस्टर? मग पत्ता असा का, मुंगीच्या अक्षरात? परवा कुणाला वाचता आला पाहिजे ना!”

“परवा पोचेल?”

“पत्ता वाचता आला तर पोचेल. पाठवणाऱ्याचं नाव कुठाय? इथे लिहा. मोठं.”

काकांनी लिहिलं. मोठं. पेन परत करताना त्यांच्या मनात आलं, पत्रात ‘काढली’च्या जागी ‘खोडली’ जास्त नेमकं झालं असतं. पाकीट अजून खिडकीच्या अलीकडेच होतं. बोटं त्याच्या कडेवर होती.

“सोडा की, आजोबा,” मागून कुणीतरी ओरडलं. “मागे लोक उभे आहेत.”

काकांनी सोडलं. कारकुनाने शिक्का मारला, एकदा, दुसऱ्यांदा अधिक जोरात, पावती त्यांच्याकडे सरकवली आणि पाकीट मागे न बघता पोत्यात टाकलं.